पहिल्या पगारातून पाचशेची एसआयपी: लोट्याच्या नव्या बॅचसाठी

दरवर्षी पावसाच्या तोंडावर आमच्या लोटे एमआयडीसीतल्या प्लांटला नवीन बॅच येते, डिप्लोमा केमिकलवाले, बीएस्सी झालेले, आयटीआयचे ऑपरेटर, बहुतेक खेड, चिपळूण, गुहागर, दापोलीकडचेच. सेफ्टी ट्रेनिंग संपलं की शेवटचा अर्धा तास मला देतात, मी अकाउंट्सला आहे म्हणून. त्या अर्ध्या तासात म्युच्युअल फंडातली दर महिन्याची गुंतवणूक, म्हणजे एसआयपी, पहिल्या पगारापासून कशी चालू करायची एवढंच सांगते. कुठला शेअर घ्यावा वगैरे मी सांगत नाही. बऱ्याच जणांनी लिहून मागितलं म्हणून ते सगळं इथे ओळीने टाकतेय, बोलते तसंच लिहिलंय.

आधी पगाराची स्लिप बघा

स्लिपवर वरचा आकडा आणि हातात येणारा आकडा वेगळा असतो हे सगळ्यांना कळतं, पण मधले पैसे कुठे जातात ते कुणी बघत नाही. समजा ग्रॉस २०,५०० आहे आणि त्यात बेसिक अधिक डीए १३,०००. तर पीएफचे १२ टक्के म्हणजे १,५६० कापले, ईएसआयचे पाऊण टक्का म्हणजे १५४, आणि प्रोफेशन टॅक्स २००. हातात १८,५८६. प्रोफेशन टॅक्स फेब्रुवारीत ३०० कापला जातो, तेव्हा त्या महिन्यात शंभर कमी दिसले तर माझ्याकडे धावत येऊ नका, तो तसाच असतो. आणि मुलींना महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत प्रोफेशन टॅक्स नाही, त्यामुळे त्यांच्या हातात दोनशे जास्त यायला हवेत, नसतील आले तर मात्र नक्की विचारा.

त्या पीएफच्या १,५६० बद्दल जरा थांबून सांगते. तेवढेच १,५६० कंपनीपण भरते, पण त्यातले १,०८३ पेन्शनच्या खात्यात जातात आणि ४७७ तुमच्या पीएफमध्ये. म्हणजे तुमच्या नावावर पीएफमध्ये दर महिन्याला २,०३७ जमा होतात, आणि त्यावर २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज मिळालं. म्हणजे बघा, तुम्ही काही न करता तुमची एक गुंतवणूक चालू झालेलीच आहे आणि ती सुरक्षित बाजूची आहे. त्यामुळे म्युच्युअल फंडात जे टाकायचं ते शेअर बाजारातल्या फंडात टाकायला हरकत नाही, सुरक्षित भाग पीएफ सांभाळतोय. फक्त यूएएन, म्हणजे पीएफचा तुमचा कायमचा नंबर, ॲक्टिव्हेट करून दोन-तीन महिन्यांनी पासबुक उघडून बघा, स्लिपवर कापलेला आकडा तिथे दिसतोय का. जे कॉन्ट्रॅक्टरच्या रोलवर लागलेत त्यांनी तर हे न चुकता बघा, कारण स्लिपवर कापलं म्हणजे भरलंच असं नसतं.

मग कुशन, आणि पाचशेची एसआयपी सोबतच

आता हातातले १८,५८६. यात घरी किती द्यायचे, रूमचं भाडं, मेस, मोबाइल, गाडीचं पेट्रोल हे ज्याचं त्याचं वेगळं. आपण एक हिशोब धरू: घरी ६,०००, रूम आणि मेस मिळून ६,०००, बाकी वरखर्च २,०००. उरले साडेचार हजार. खरं सांगायचं तर पहिल्या पगाराचे साडेचार हजार उरत नाहीत, ग्रामदेवतेला नारळ होतो, आईला साडी होते, मित्रांना पार्टी होते, आणि व्हायलाच पाहिजे. म्हणून हा हिशोब दुसऱ्या पगारापासून पक्का धरा, पण कागदपत्रांचं काम पहिल्या पगाराच्या महिन्यातच करून घ्या.

हे साडेचार हजार मी असे वाटायला सांगते: ३,००० कुशनला, १,००० गणपती-शिमग्याच्या आरडीला, आणि ५०० एसआयपीला.

यावर पोरं लगेच विचारतात की पाचशेने काय होणार. पैशाच्या दृष्टीने पाचशेने फार काही होत नाही, बरोबर आहे. पण नवीन रिॲक्टर लावला की आपण पहिल्या दिवशी त्यात केमिकल चार्ज करत नाही ना, आधी वॉटर ट्रायल घेतो, कुठे गळतंय का, व्हॉल्व्ह उघडतात का, सगळं बघून घेतो. पाचशेची एसआयपी ही तशी वॉटर ट्रायल आहे. केवायसी पास होतंय का, पैसे कापायच्या परवानगीचं मँडेट बँकेत लागतंय का, दहा तारखेला पैसे कापले जातायत का, युनिट जमा होतायत का, हे सगळं पाचशेवर तपासून घ्यायचं. आठ महिन्यांनी कुशन भरलं की आकडा वाढवायचा.

कुशन म्हणजे अचानक लागणारा पैसा. दर महिन्याला तीन हजार टाकले तर आठ महिन्यांत चोवीस हजार होतात, म्हणजे तुमचा स्वतःचा आणि घरी द्यायचा मिळून जवळपास दोन महिन्यांचा खर्च. हा पैसा सेव्हिंगमध्ये किंवा कधीही मोडता येणाऱ्या एफडीत ठेवायचा, बाजारात नाही. आपल्याकडे हे वेगळं समजवावं लागत नाही, २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी घरात शिरलं तेव्हा ज्यांची गाडी, फ्रिज, कागदपत्रं सगळं चिखलात गेलं त्यांना दुसऱ्या दिवसापासून रोख पैसा लागत होता, आणि तेव्हा बाजार वर आहे की खाली हे बघत बसायला वेळ कुणाला होता. एसआयपीतला पैसा काढला तर खात्यात यायला दोन-तीन कामाचे दिवस लागतात आणि नेमका बाजार पडलेला असेल तर तोट्यात काढावा लागतो, म्हणून ही दोन खाती वेगळी.

आणि हजाराची आरडी का, तर कोकणात राहून गणपतीला घरी न जाणं शक्य नाही. सजावट, सामान, पाहुणे, भजनाची मंडळी, त्या महिन्यात खर्च होतोच होतो आणि बहुतेकांची एसआयपी पहिल्यांदा बुडते ती त्याच महिन्यात. बारा महिन्यांची बँकेची आरडी करा, शक्यतो गणपतीच्या आधी संपेल अशी. पोस्टाची आरडी चांगली आहे पण ती पाच वर्षांची असते, या कामाला ती नको.

केवायसी: सगळ्यात जास्त पोरं इथे अडकतात

म्युच्युअल फंडात पैसे टाकायला पॅन, आधार आणि स्वतःच्या नावाचं बँक खातं लागतं. ऐकायला सोपं आहे, पण आपल्याकडे नावाचा घोळ फार. दहावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, पॅनवर वडिलांचं नाव मध्ये आहे किंवा नाही, कुणाचं "व" आणि "व्ही", "ई" आणि "डबल ई" यात स्पेलिंग वेगळं. पॅन आणि आधार यांची नावं, जन्मतारीख जुळली नाही तर लिंक होत नाही, आणि लिंक नसेल तर पॅन बंद पडलेलं धरतात, मग पुढचं काहीच होत नाही. म्हणून फंडाचं ॲप डाउनलोड करायच्या आधी पॅन आणि आधार शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर बघा. चूक असेल तर ज्यात चूक आहे ते आधी दुरुस्त करा, घाई करून तसंच पुढे रेटू नका.

मग कुठल्याही फंड हाउसच्या साइटवर किंवा रजिस्टर्ड ॲपवर केवायसी करा, आधार डिजिलॉकरमधून घेतात, सेल्फी घेतात, कागदावर सही करून तिचा फोटो मागतात. सही पांढऱ्या कोऱ्या कागदावर करा, वहीच्या रेघांच्या पानावर केलेली परत येऊ शकते. काही दिवसांनी पॅन नंबर टाकून स्टेटस बघता येतं. तिथे Validated दिसलं तर काम झालं, कुठल्याही फंडात टाकू शकता. Registered दिसलं तर दुसऱ्या फंड हाउसला जाताना परत कागदपत्रं मागू शकतात. On Hold दिसलं तर काहीतरी अडलंय, बहुतेक वेळा मोबाइल नंबर किंवा ईमेल तपासला गेलेला नाही किंवा पॅन-आधार लिंक नाही, ते सोडवल्याशिवाय पैसे जाणार नाहीत.

बँक खात्याचं एक सांगते. कॉलेजला असताना काढलेलं आईसोबतचं जॉइंट खातं किंवा पतसंस्थेतलं खातं इथे देऊ नका. पैसे तुमच्याच नावाच्या बँक खात्यातून जायला लागतात आणि पतसंस्थेच्या खात्यावर हे मँडेट लागत नाही. आपला पगार ज्या खात्यात येतो तेच द्या. आणि नॉमिनीचा रकाना "नंतर भरू" म्हणून सोडू नका, आईचं किंवा वडिलांचं नाव लगेच टाका, दोन मिनिटांचं काम आहे आणि पुढे घरच्यांचे हेलपाटे वाचतात.

कुठला फंड, आणि नावातले दोन शब्द

मी नवीन पोरांना एकच सांगते, एखाद्या मोठ्या फंड हाउसचा निफ्टी ५० इंडेक्स फंड घ्या, एकच घ्या, चार नको. इंडेक्स फंड म्हणजे निफ्टीत ज्या पन्नास कंपन्या आहेत त्या त्याच प्रमाणात घेऊन ठेवणारा फंड, त्यात कुणा मॅनेजरच्या हुशारीवर अवलंबून राहायचं नसतं आणि खर्च कमी लागतो. कुणी तुम्हाला दुसरा चांगला फंड सांगेल, असेलही तो चांगला, पण पाचशे-हजाराच्या सुरुवातीला एवढं पुरे आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

पण फंडाच्या नावातले शेवटचे शब्द नीट वाचा. तिथे Direct Plan आणि Growth हे दोन शब्द पाहिजेत. Regular लिहिलेलं असेल तर त्यात मधल्या एजंटचं कमिशन दरवर्षी तुमच्या पैशातून जात राहतं, ते वेगळं बिल म्हणून दिसत नाही, रोजच्या भावातूनच वजा होतं म्हणून कुणाला कळत नाही. जानेवारी २०१३ पासून सगळ्या फंडांना डायरेक्ट प्लॅन द्यावाच लागतो, तेव्हा "आमच्याकडे तो नसतो" असं कुणी म्हणालं तर त्याच्याकडे नसेल, फंडाकडे असतो. Growth च्या ऐवजी IDCW दिसलं तर ते घेऊ नका, त्यात मधूनमधून तुमचेच पैसे तुम्हाला परत देतात आणि वाढायला कमी राहतात.

हा कमिशनचा फरक लहान वाटतो, म्हणून एकदा आकडा मांडून दाखवते. महिना १,५०० रुपये २० वर्षं टाकले, म्हणजे खिशातून ३ लाख ६० हजार गेले. वर्षाला सरासरी ११ टक्के वाढ धरली तर साधारण १२ लाख ९८ हजार होतात, आणि त्यातला एक टक्का कमिशनमध्ये जाऊन १० टक्केच हाती लागले तर ११ लाख ३९ हजार. दीड लाखाच्या वर फरक. हे ११ आणि १० मी हिशोबापुरते धरलेत, बाजार तेवढं देईलच असं कुणीही लिहून देऊ शकत नाही, पण फरक किती पडतो हे समजायला बरं. एजंट तुम्हाला बसवून सगळं करून देत असेल, वडिलांचेपण कागद बघत असेल, तर त्याला कमिशन मिळणं मला गैर वाटत नाही, फक्त आपण ते देतोय हे माहीत असून द्यावं.

तारीख आणि मँडेट

ॲपवर एसआयपी करताना तारीख निवडायला सांगतात, आणि पोरं समोर जी दिसेल ती दाबून मोकळी होतात, मग कुणाची २८ असते, कुणाची १. आपला पगार सात तारखेच्या आत होतो, म्हणून १० तारीख टाका. पगार दोन दिवस लांबला तरी सांभाळून जातं आणि खर्च सुरू व्हायच्या आधी पैसे निघून जातात. महिनाअखेरीची तारीख ठेवली तर खात्यात काय उरतं ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

मँडेट म्हणजे बँकेला दिलेली परवानगी, की हा फंड दर महिन्याला मागेल तेव्हा पैसे द्या. ते नेट बँकिंग, डेबिट कार्ड किंवा आधार ओटीपीने होतं, यूपीआय ऑटोपेनेपण होतं. इथे स्क्रीनवर पाच हजार किंवा त्याहून मोठा आकडा दिसला की पोरं घाबरतात, "ताई, मी पाचशे टाकलेत आणि हे पाच हजार मागतायत". तो आकडा वरची मर्यादा असतो, कापले एसआयपीचेच जातात. मर्यादा थोडी मोठी ठेवलेली उलट बरी, पुढे एसआयपी वाढवली की नवीन मँडेट करावं लागत नाही. बँकेकडून मँडेट मंजूर व्हायला काही दिवस लागतात, त्यामुळे ८ तारखेला रजिस्टर केलं आणि १० ला कापलं नाही तर काळजी नको, बहुतेक पुढच्या महिन्यापासून सुरू होईल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पैसे बहुतेक सकाळी सकाळी कापायला येतात, म्हणून ९ तारखेच्या संध्याकाळीच खात्यात शिल्लक असली पाहिजे, दहाला दुपारी भरून उपयोग नाही. शिल्लक नसेल तर हप्ता परत जातो. फंडवाले त्याचा दंड घेत नाहीत, पण बँक रिटर्न चार्ज लावते, बँकेप्रमाणे काहीशे रुपये आणि वर जीएसटी. पाचशेच्या एसआयपीला तेवढा दंड म्हणजे जवळपास एक हप्ताच गेला, आणि युनिट शून्य. सलग तीन महिने परत गेला की एसआयपी आपोआप बंद होते. मागे आमच्याच एका शिफ्टमधल्या मुलाचं असं झालं, गाडीचा हप्ता ५ तारखेला आणि एसआयपी १५ ला, १५ पर्यंत खातं रिकामं व्हायचं, बँकेच्या पासबुकात तीन वेळा दंड लागलेला होता आणि तो समजत होता की फंडाने पैसे खाल्ले. स्टेटमेंट उघडून एकेक ओळ दाखवली तेव्हा लक्षात आलं. मग आधीची एसआयपी बंद करून १० तारखेची नवीन केली आणि पुढे एकदाही परत गेली नाही.

बँकेच्या स्टेटमेंटमध्ये हप्त्याच्या ओळीत बहुतेक "ACH D" असं दिसतं आणि पुढे फंडाचं नाव असेलच असं नाही, काही ॲपवरून केलं तर INDIAN CLEARING CORP असं येतं. तो फ्रॉड नाही. पैसे कापल्यावर दोन-तीन कामाच्या दिवसांत किती युनिट मिळाले याचा मेसेज येतो, त्यात फोलिओ नंबर असतो, तो कुठेतरी लिहून ठेवा. आठवडा झाला, पैसे गेले आणि युनिट नाहीत, तर ॲपवर बसून वाट बघू नका, फंड हाउसला ईमेल करा, नाकारलेला हप्ता असेल तर तो बँकेत परत येतो.

ज्या महिन्यात खरंच जमणार नाही, घरी कुणी आजारी आहे, लग्न आहे, त्या वेळी हप्ता परत जाऊ देण्यापेक्षा एसआयपी पॉज करा. बऱ्याच फंडांत एक ते तीन महिने थांबवता येते, पण ते तारखेच्या बरेच दिवस आधी करावं लागतं, आदल्या रात्री नाही. आणि एसआयपी थांबवली म्हणजे आधीचे युनिट विकले असं होत नाही, ते तसेच राहतात.

युनिट म्हणजे काय, एक हिशोब करून

कुशन भरल्यावर समजा तुम्ही एसआयपी १,५०० केली. पहिल्या महिन्यात फंडाचा भाव, म्हणजे एनएव्ही, १५० आहे. १,५०० तून ०.००५ टक्के स्टॅम्प ड्यूटी जाते, साडेसात पैसे, ते सोडून द्या. तुम्हाला जवळपास १० युनिट मिळाले. दुसऱ्या महिन्यात बाजार पडला, भाव १४०, त्याच पैशात १०.७१ युनिट. तिसऱ्या महिन्यात आणखी पडून १२५, मिळाले १२. एकूण ३२.७१ युनिट, खिशातून गेले ४,५००.

आता ॲप उघडलं की दिसतं ४,०८९. लाल रंगात ४११ रुपये तोटा. इथेच निम्मी पोरं बंद करतात, आणि मेसमध्ये बसून दुसऱ्याला पण सांगतात की हे सगळं बोगस आहे. पण सरासरी भाव काढा, ४,५०० भागिले ३२.७१, म्हणजे १३७.५७. सुरुवातीला १५० ला घेतले होते, तरी मुद्दल सुटायला भाव परत १५० व्हायची गरज नाही, १३७.५७ ला तुम्ही बरोबरीत येता. पडत्या महिन्यातल्या हप्त्याने जास्त युनिट दिले म्हणून ते झालं. बंद केलं असतं तर हा फायदा गेला असता.

पण याची दुसरी बाजूपण सांगायलाच पाहिजे, कारण सगळे फक्त चांगलं सांगतात. बाजार पडला की पटकन वर येतोच असं नाही. कोविडमध्ये निफ्टी जानेवारी २०२० ला १२,३०० च्या वर होता, २३ मार्चला ७,६१० वर बंद झाला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परत वर आला, ते नशीब म्हणायचं. जानेवारी २००८ च्या शिखराच्या वर टिकून राहायला मात्र निफ्टीला २०१४ उजाडलं. म्हणजे सहा वर्षं. म्हणून मी सांगते की पुढच्या पाच-सात वर्षांत लागणारा पैसा इथे ठेवूच नका. बहिणीचं लग्न दोन वर्षांनी आहे, घराची कौलं पुढच्या पावसाच्या आधी बदलायची आहेत, गाडीचं डाउन पेमेंट करायचंय, हा पैसा आरडी आणि एफडीचा. आठ महिन्यांनी कुशनचे तीन हजार मोकळे होतात ना, त्यातले एक हजार एसआयपीला जोडून ती १,५०० ची करायची आणि दोन हजार या अशा जवळच्या कामांना ठेवायचे. नंतर इन्क्रिमेंट झालं की वाढलेल्या पैशातला थोडा भाग एसआयपीला लावायचा, टॉप-अपची सोय ॲपमध्येच असते.

जानेवारी ते मार्च: टॅक्स सेव्हिंगवाले येतील

तुमचं वर्षाचं ग्रॉस अडीच लाखाच्या आत आहे, तुम्हाला इन्कम टॅक्स लागतच नाही. २०२५-२६ पासून नवीन रेजिममध्ये तर पगारातून १२ लाख ७५ हजारांपर्यंत टॅक्स नाही. तरी बँकेत सॅलरी अकाउंट उघडायला गेलात की समोरचा माणूस टॅक्स वाचवायची पॉलिसी काढा म्हणेल, गावातला ओळखीचा काका म्हणेल, तुमच्यासाठी नाही तर माझ्या टार्गेटसाठी कर. न लागणारा टॅक्स वाचवायला वर्षाला वीस-पंचवीस हजारांचा हप्ता गळ्यात घेऊ नका, तो हप्ता भरता भरता एसआयपी पण जाते आणि कुशन पण जातं. भिडेखातर घेतली असेल तर पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, तेवढ्यात ठरवा. घरचे खरंच तुमच्या पगारावर असतील तर साधा टर्म इन्शुरन्स घ्या, त्यात पैसे परत मिळत नाहीत पण हप्ता कमी असतो आणि रक्कम मोठी.

आणि व्हॉट्सॲप-टेलिग्रामवर कुणी महिन्याला ठराविक टक्के "गॅरंटी" देत असेल तर तिथेच थांबा. शेअर बाजाराच्या फंडात गॅरंटी देता येत नाही, कायद्यानेही नाही. म्युच्युअल फंडाचे पैसे कुणा माणसाच्या यूपीआय नंबरवर कधीही जात नाहीत, एवढी एक खूण पुरेशी आहे.

नोकरी बदलताना

दोन-तीन वर्षांनी बरेच जण इथून महाडला, तळोज्याला, नाहीतर दहेजला जातात. नवीन कंपनी दुसऱ्या बँकेत सॅलरी अकाउंट उघडते, जुन्या खात्यात पगार येणं बंद होतं, आणि एसआयपी मात्र जुन्याच खात्यावर मागत राहते. वर ते खातं काही महिन्यांनी साधं सेव्हिंग होतं आणि मिनिमम बॅलन्सचा नियम लागतो. म्हणून शेवटच्या पगाराच्या महिन्यातच हे करा: फंडाच्या साइटवर नवीन बँक खातं जोडा, त्यावर नवीन मँडेट लावा, ते मंजूर झाल्याचा मेसेज आल्यावरच जुनं बंद करा, आणि मधल्या काळासाठी दोन हप्त्यांचे पैसे जुन्या खात्यात ठेवा. पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर ट्रान्सफर करून घ्या, मोबाइल नंबर बदलणार असाल तर सिम बंद करायच्या आधी यूएएन, बँक आणि फंड तिन्हीकडे नवा नंबर टाका, कारण सगळे ओटीपी त्याच्यावरच येतात.

कुणाचं केवायसी अडलं असेल तर पॅन, आधार आणि पासबुक घेऊन दुपारी चारनंतर अकाउंट्सला या, महिन्याच्या १ ते ७ सोडून, त्या दिवसांत तुमच्याच पगाराचं काम चालू असतं.